छत्रीचा कावळा का होतो आणि रेनकोट आतून का भिजतो

"मुंबईच्या पावसात छत्री म्हणजे पैसे पाण्यात. वाऱ्यात तिचा कावळा होतो, गर्दीत ती लोकांच्या डोळ्यांत जाते. चांगला रेनकोट घ्या, आत थेंब येत नाही. छत्री घ्यायचीच असेल तर मोठी आणि भरपूर काड्यांची घ्या."

असा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. त्यातल्या रेनकोटपासून सुरुवात करू. बाहेरचं पाणी अडवणारं प्लास्टिकचं कापड घामाची वाफही अडवतं. चर्चगेटहून नरीमन पॉइंटला पंधरा-वीस मिनिटं भरभर चाललात की पाठ आणि बाह्या आतून चिंब होतात. वाफ बाहेर सोडणारे महागडे रेनकोट मिळतात, पण ते चालतात आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या फरकावर. जुलैत मुंबईची हवा आधीच वाफेने भरलेली असते, म्हणून तो फरक फार थोडा उरतो. त्यात वरचं कापड भिजून जड झालं की उरलेली वाटही बंद. रेनकोट गळतो की घाम आहे, हे ओल कुठे आहे त्यावरून ओळखता येतं. गळती खांद्याच्या शिवणीवर किंवा चेनच्या रेषेत दिसते आणि हाताला गार लागते. घामाची ओल पाठभर सारखी पसरते आणि कोमट असते.

आता मोठ्या छत्रीचा सल्ला, जो खरोखर नुकसान करतो. शंभर सेंटिमीटर रुंदीच्या छत्रीऐवजी एकशेतीसची घेतली तर प्रत्येक बाजूला फक्त पंधरा सेंटिमीटर जास्त आडोसा मिळतो. कापडाचं क्षेत्रफळ मात्र जवळजवळ सत्तर टक्क्यांनी वाढतं, आणि वारा तेवढ्याच जास्त जोराने ती ओढतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. फुटपाथवर हीच मोठी छत्री इतरांच्या डोळ्यांत जाते, म्हणजे तक्रार आणि सल्ला एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

काड्यांच्या संख्येने मजबुती ठरत नाही, सांध्यांनी ठरते. तीन घडीच्या छत्रीची प्रत्येक काडी तुकड्यातुकड्यांची असते आणि ते तुकडे बारीक रिबिटांनी जोडलेले असतात. झोत कडेखालून शिरला की काडी तिथेच वाकते. पत्र्याची पन्हाळीसारखी वळवलेली काडी एकदा दुमडली की सरळ केली तरी तिथला दम गेलेला असतो. लांब दांड्याच्या छत्रीची काडी टोकापर्यंत अखंड असते. म्हणून दहा काड्यांच्या पत्र्याच्या घडीच्या छत्रीपेक्षा फायबरग्लासच्या तेवीस इंच लांब, अखंड आठ काड्यांची छत्री जास्त टिकते.

'फायबर' असं लेबल असलं तरी दुकानात खात्री करा. पुष्कळदा फक्त टोकाकडचा तुकडा फायबरचा असतो, दांड्याजवळचा पत्र्याचा. लोहचुंबक असेल तर काडीवरून पूर्ण लांबीभर फिरवा, चिकटेल तिथे लोखंड. मग छत्री उघडून एका काडीचं टोक हळूच दहाएक सेंटिमीटर मागे दाबा आणि सोडा. फायबर लगेच सरळ होतं. शेवटी मूठ धरून छत्री हलवा. दांडा खडखडला तर वाऱ्यात तो खडखडाट वाढतच जाणार. कापड काडीला मधल्या टाक्यांनीही बांधलेलं आहे ना, तेही बघा. नुसतं टोकाला अडकवलेलं कापड एका झोतात सुटतं.

पण रेनकोटवाल्यांची एक बाजू खरी आहे. जोरदार पावसाचे मोठे थेंब ताशी तीसएक किलोमीटरने खाली येतात. वाराही तेवढाच असला की सरी पंचेचाळीस अंशांत तिरप्या होतात. शंभर सेंटिमीटरची छत्री सरळ धरली तर तेव्हा ती डोक्यापासून जेमतेम अर्धा मीटर खालपर्यंत राखते. छातीखालचं सगळं भिजतं. वाऱ्याकडे झुकवली तर समोरचं दिसत नाही, आणि गर्दीत हे धोक्याचं. रस्त्याच्या दिव्याखाली किंवा गडद भिंतीसमोर सरींचा कल बघा. कल अर्ध्या काटकोनाच्या पलीकडे गेला की छत्री मिटून रेनकोट चढवा, घाम आला तरी. स्कूटरवर तर प्रश्नच नाही, रेनकोटच.

बाकीच्या दिवशी छत्री वापरताना हात मुठीवर ठेवू नका. दांडा वर, सरकणाऱ्या नळीच्या जवळ धरा आणि छत्री डोक्याला जवळजवळ टेकवा. झोताची पकड कमी होते. उंच इमारतीचा कोपरा येण्याआधी छत्री समुद्राकडे, म्हणजे वारा येतो त्या बाजूला वळवा. कोपऱ्यावर झोत अचानक बाजूने येतो. तरीही उलटलीच तर एकेक काडी ओढू नका. तोंड वाऱ्याकडे करून छत्री समोर धरा, वाराच तिला परत सुलट करेल. आणि स्टेशनच्या पुलावर चढण्याआधी, पहिल्या पायरीखालीच मिटा. वर छप्पर असो वा नसो, तिथे ती उघडायला जागा नसते.