चार ओळींचं पत्र आणि बाकावरचे काका

परवा एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या अर्जात स्वतःच्या पेनाने "सविनय" घातलं, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

थोडक्यात सांगते. एम.ए.च्या प्रबंधासाठी मला आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या, आता बंद पडलेल्या तेल गिरणीच्या कंपनीची स्थापनेची कागदपत्रं हवी होती. आमचे गाइड साध्या झेरॉक्सकडे संशयितासारखं बघतात, त्यामुळे प्रमाणितच हवीत. आता हे सगळं एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर घरबसल्या होतं, शंभर रुपये भरले की कंपनीचे सार्वजनिक कागद बघता येतात, प्रमाणित प्रतही मागवता येते. मी शंभर भरले. पण ऑनलाइन फाइलिंग सुरू झालं २००६ मध्ये आणि आमची गिरणी त्याच्या कितीतरी आधीची, त्यामुळे अलीकडची वार्षिक विवरणपत्रं दिसली आणि "इन्कॉर्पोरेशन डॉक्युमेंट्स" वर क्लिक केलं तर आत काहीच नाही. म्हणजे जुनी फाइल कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये असणार. म्हणून पत्र लिहून कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या रजिस्ट्रारच्या कार्यालयात गेले.

पत्र इंग्रजीत होतं, मराठीत सांगायचं तर इतकंच: अमुक कंपनी, तिचा सीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, हा. तिचं नोंदणी प्रमाणपत्र आणि नोंदणीच्या वेळी दाखल केलेले मेमोरँडम व आर्टिकल्स, यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात. पानांनुसार होणारी फी आणि स्टॅम्प ड्युटी कळवल्यावर भरते. खाली नाव, पत्ता, फोन, सही. मेमोरँडम म्हणजे कंपनी कोणते धंदे करणार ते, आणि आर्टिकल्स म्हणजे तिचा आतला कारभार कसा चालणार ते.

आवक खिडकीवर साहेब जेवायला गेलेले. बाकावर बसले तर शेजारी हे काका. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर. त्यांचं स्वतःचं काय काम होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटतं नसावंच.

"बघू," म्हणाले आणि पत्र घेतलंसुद्धा. वाचलं. कागद उलटा करून मागे बघितलं.

"एवढंच?"

"हो काका, एवढंच हवंय."

"बाळ, हा सरकारी अर्ज आहे, दूधवाल्याला चिठ्ठी नाही." आणि पेन काढलं. मी अहो अहो करेपर्यंत "सविनय" बसलं होतं, मराठीत, माझ्या टाइप केलेल्या इंग्रजी पत्रावर, निळ्या शाईत.

मग त्यांची नजर सीआयएनवर गेली. "हा काय फोन नंबर टाकलायस मधेच? काढून टाक, वाईट दिसतं." मी समजावलं की काका ही कंपनीची ओळख आहे, एकवीस अक्षरं-आकडे. पहिलं यू म्हणजे शेअर बाजारात नोंद नाही, मग उद्योगाचा कोड, मग एमएच म्हणजे महाराष्ट्र, मग नोंदणीचं साल, मग पीटीसी म्हणजे प्रायव्हेट, आणि शेवटचे सहा आकडे नोंदणी क्रमांक. कंपनीने नाव बदललं तरी तो क्रमांक तोच राहतो. आमच्या गिरणीने नाव बदललंय, नुसतं जुनं नाव दिलं तर त्यांना सापडणार कशी? काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण मग खाली टाक. सुरुवातीला देवाचं नाव तरी नाहीतर साहेबांचं."

पुढे "नोंदणीच्या वेळी दाखल केलेले" वर आले. "हे उद्धट वाटतं. ते देतील ते घ्यायचं." आता इथे मात्र माझं डोकं फिरलं, कारण अख्ख्या पत्रात महत्त्वाचे शब्द तेवढेच होते. कंपन्या मेमोरँडम-आर्टिकल्स मधेमधे ठराव करून बदलतात. नुसतं "मेमोरँडम द्या" म्हटलं तर नंतरचं दुरुस्त केलेलं हातात पडायचं, आणि मला हवं होतं पहिलं, ज्याच्या शेवटच्या पानावर संस्थापकांनी आपापलं नाव, पत्ता, व्यवसाय आणि किती शेअर घेतले हे लिहून सह्या केल्या असतील, शेजारी साक्षीदाराची सही. गिरणी शेतकऱ्यांनी काढली की व्यापाऱ्यांनी, यावर आमच्या गावात दोन पिढ्या भांडतायत आणि उत्तर त्या व्यवसायाच्या रकान्यात आहे. काका म्हणाले, "मग असं सविस्तर लिही ना! उद्देश लिहिलाच नाहीस तू."

"उद्देश लागत नाही काका. २०१३ च्या कायद्यात कलम ३९९ आहे, फी भरून कोणीही मागू शकतं."

"कोणीही म्हणजे?"

"कोणीही."

"मी पण?"

"तुम्ही पण."

"पण मला कशाला हवीयत?" हे त्यांनी इतक्या विजयी चेहऱ्याने विचारलं की बाकावरचे बाकीचे लोकही माझ्याकडेच बघायला लागले.

जाता जाता त्या मेमोरँडमबद्दल. जुन्या कंपन्यांना त्यात लिहिलेल्या उद्देशाबाहेर काही केलं तर तो व्यवहारच रद्दबातल ठरायची भीती असायची, म्हणून वकील मंडळी उद्देशात जगातलं सगळं घालून ठेवायची. तेल काढायचंय, पण खाणी, गोदामं, वाहतूक, बर्फाचा कारखाना, जमिनी घेणे-विकणे सगळं आत. आणि प्रमाणित प्रतीला पानाला २५ रुपये. म्हणजे गिरणीने कधीच न काढलेल्या बर्फाच्या कारखान्याचे पैसे आता मी भरणार, स्कॉलरशिप जमा झालेली नसताना. नोंदणी प्रमाणपत्र तेवढं शंभर रुपयात उरकतं.

साहेब आले. मी काकांच्या हातून पत्र जवळजवळ ओढून घेतलं, पण त्यावर निळ्या शाईचा कारभार झालेला, त्यामुळे बॅगेतल्या स्वच्छ प्रती दिल्या. (दोन प्रती न्याच, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, नाहीतर पत्र दिलं होतं हे तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नसतं.) साहेबांनी पत्र वाचलं म्हणजे काय, सीआयएनवर बोट ठेवलं, कागदांच्या नावावर ठेवलं, शिक्का मारला. मायना, विनंती, आभार कशाकडेही बघितलं नाही. मला इतकं बरं वाटलं!

"फी किती भरू?"

"पानं किती आहेत त्यावर."

"पानं किती आहेत?"

"फाइल काढल्यावर कळेल."

"फाइल कधी निघेल?"

"मॅडम, रेकॉर्डला माणूस एकच आहे. आणि हे ऑनलाइन का नाही करत तुम्ही?"

मी पोर्टलवरच्या रिकाम्या पानाचा प्रिंट दाखवला. त्यांनी तो बघितला आणि म्हणाले, "ऑनलाइन नाहीये हे." मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच डिलीट केलं. म्हणजे कागद नाहीत म्हणून मी इथे आले, आणि इथे मला विचारतायत की इथे का आलात. कायद्याने हक्क दिलाय, फी ठरवून दिलीय, पण ती पानं मोजायला एक माणूस, आणि तो त्या दिवशी रजेवर होता हे मला शिपायाने जिन्यात सांगितलं.

मागून काकांचा आवाज, "बघ, सविनय नव्हतं ना."

निघताना त्यांनी माझा नंबर घेतला, का दिला मी कोण जाणे. तेव्हापासून रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात येतं. काल त्याखाली स्मरणपत्राचा मसुदा होता, दोन पानी, त्यात माझ्या आजोबांच्या समाजसेवेवर एक परिच्छेद. माझे आजोबा एसटीत कंडक्टर होते. सीआयएन कुठेच नाही.