विषयावरही गैरहजर!

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचं परीक्षण करून आले. विषय होता, ‘वर्गातल्या हजेरीची सक्ती रद्द करावी’. निकालानंतर एक मुलगी माझ्यापाशी आली आणि जरा घुश्शातच म्हणाली, "मॅडम, सगळ्यात जास्त टाळ्या मला पडल्या. मग उत्तेजनार्थसुद्धा नाही?"

टाळ्या तिलाच पडल्या होत्या, त्यात वाद नाही. अनुकूल बाजूच्या मुलाने मुद्दा मांडला होता तो असा: सक्तीमुळे वर्ग नेहमी भरलेला दिसतो, म्हणून आपलं शिकवणं कंटाळवाणं झालंय हे शिक्षकाला कळतच नाही. सक्ती काढा, बाकं रिकामी पडतील आणि त्याला सुधारावंच लागेल. साधा मुद्दा, पण वजनदार. त्यावर ही मुलगी उठली आणि म्हणाली, "माझ्या मित्राला हजेरीचा एवढा जाच का होतो ते आज समजलं. पाच मिनिटं बोलले, पण विषयावरही गैरहजरच होते!"

सभागृह दणाणलं. मीही हसले.

आता माझ्या हातातला कागद बघा. परीक्षक उभे रकाने आखतात, एका वक्त्याला एक. मुद्दा आला की तो लिहायचा आणि पुढच्या कुणी त्याला उत्तर दिलं की शेजारच्या रकान्यात बाण काढायचा. ‘रिकामी बाकं शिक्षकाला सुधारतात’ या ओळीसमोर मी पेन टेकवून थांबले होते. हशा संपला, ती पुढच्या मुद्द्याकडे वळली आणि बाण काही निघाला नाही. त्यात खंडनाला मिळालेल्या दोन मिनिटांतली वीसेक सेकंदं हशा-टाळ्यांतच गेली.

मी तिला म्हटलं, "तुझ्या वाक्यातला विनोद काढून टाक आणि उरलेलं साध्या भाषेत सांग." ती थोडी थांबून म्हणाली, "तो... विषयावर बोलला नाही." पण तो बोलला होता की! म्हणजे वाक्यात उरलं ते फक्त एक विधान, आणि तेही चुकीचं. माझी कसोटी एवढीच आहे. कोटी सोलून बघायची. आत ‘कारण’ सापडलं तर ते उत्तर, नाहीतर नुसता टोमणा.

मग आम्ही दोघींनी तिथेच बसून तिचं उत्तर पुन्हा बांधलं. आधी कच्चा दुवा शोधला: बाकं रिकामी दिसली म्हणजे शिक्षकाला कारण समजलं, असं त्याने गृहीत धरलं होतं. पण मुलं शिकवण्याला कंटाळून आली नाहीत, की झोपून राहिली, की कामाला गेली? दुवा सापडल्यावर वाक्य तिचं तिलाच सुचलं: "रिकामं बाक एवढंच सांगतं की कुणी आलं नाही. का आलं नाही, हे सांगायलाही कुणीतरी यावं लागतं!" यालाही हशा पडला असता, कदाचित थोडा कमी. पण बाण निघाला असता.

तिच्या जागी मीही कधीकाळी होते, त्यामुळे मोह कळतो. टोमणा घरून तयार करून नेता येतो. समोरच्याचा मुद्दा मात्र तिथेच बसून ऐकावा लागतो. आपली पाळी यायच्या आधी मनातल्या मनात शेलक्या ओळी घोळवत बसलेला वक्ता नेमका तेवढ्यातच समोरचं महत्त्वाचं वाक्य हुकवतो. परीक्षकाच्या खुर्चीतून हे स्पष्ट दिसतं: पेन खाली आणि नजर छताकडे.

अशा प्रत्युत्तरांचा मुकुटमणी म्हणून 1860 सालचा ऑक्सफर्डचा प्रसंग सांगतात. उत्क्रांतीवरच्या चर्चेत बिशप विल्बरफोर्स यांनी डार्विनच्या बाजूने बोलणाऱ्या शास्त्रज्ञ हक्सलींना तुमचं माकडाशी नातं आजोबांकडून की आजीकडून, अशा अर्थाचं काही विचारलं आणि हक्सलींनी त्यांना गप्प केलं, अशी ती गोष्ट. नेमके शब्द कुणी टिपून ठेवले नाहीत. पण सभेला हजर असलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी दोनच दिवसांत डार्विनना पत्र लिहिलं. त्यात ते म्हणतात की हक्सलींचा आवाज एवढ्या मोठ्या सभेत पोचला नाही आणि बिशपच्या कच्च्या जागांना त्यांनी हातच घातला नाही, म्हणून शेवटी मी उठलो. हूकर स्वतःची पाठ थोपटत होते हे धरून चाललं, तरी तक्रार लक्षात घेण्याजोगी आहे. कारण बिशपचं सगळंच काही थट्टेवारी नव्हतं. त्यांनी डार्विनच्या ग्रंथावर लिहिलेलं परीक्षण वाचून खुद्द डार्विन म्हणाले होते की माझ्या सगळ्यात अंदाजी जागा याने हुशारीने हेरल्यात. त्या जागांना माकडाच्या कोटीने उत्तर मिळणार नव्हतं.

एक सूट मात्र मी देते. समोरून मुद्दाच आला नसेल, नुसती वैयक्तिक शेरेबाजी असेल, तर एक खणखणीत ओळ टाकून पुढे जावं. तिथे उत्तर द्यायला काही नसतंच, आणि दोन मिनिटं खर्च करण्याइतकी त्या शेऱ्याची किंमतही नसते.

ती मुलगी जाता जाता म्हणाली, "पण मॅडम, ‘विषयावरही गैरहजर’ चांगलं होतं ना?"

चांगलंच होतं. मी कागदाच्या समासात लिहून ठेवलंय. रकान्यात नाही.