लातूरला निघालेल्या लेकाला

(पत्र वहीत लिहून त्याच्या पेटीत ठेवलंय. दहावीनंतर ज्यांची पोरं बाहेर चालली आहेत, त्यांच्यासाठी इथेही टाकतोय.)

सोन्या,

अभ्यास कर, हे सांगत नाही. ते सांगायला तिथे भिंतीभिंतीवर फलक आहेत. मला माझ्या काविळीबद्दल सांगायचंय.

१९९६ साली मीही लातूरलाच अकरावीला होतो. दिवाळी होऊन महिना झाला असेल. मेसमध्ये फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं. ताट पुढे आलं की नको व्हायचं. वाटलं, घरची आठवण येतेय. मग लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली. म्हटलं, पाणी कमी पडतंय, उन्हाळी लागली असेल. आठ दिवस असाच क्लासला जात राहिलो. शेवटी शेजारच्या कॉटवरचा पोरगा म्हणाला, "अरे, डोळे बघ की आरशात." हळद लावल्यासारखे पिवळे.

घरी का कळवलं नाही? एसटीडीचे पैसे होते खिशात. पण निघताना आजोबा म्हणाले होते, "बारीकसारीक गोष्टीसाठी फोन करू नको." पोरं दुखणं लपवतात ती आपण असं बोलतो म्हणून, असं माझं मत आहे.

पुढे गावी आल्यावर कुणी दंडावर डाग द्यायला सांगितलं, कुणी नाकात औषध घालायला. आजी तयारही झाली होती! निलंग्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, दूषित पाण्यातून आलेली कावीळ आहे, आराम कर, पाणी पी, हलकं खा, मनाने कुठलीही गोळी घेऊ नको. लिव्हर आपलं आपण सावरतं. तीन आठवडे घरी काढले. बाधा बहुतेक दिवाळीआधीच झाली होती, कारण असलं पाणी पोटात गेल्यावर कावीळ दिसायला दोन-चार, कधी सहा आठवडेही लागतात. तोवर माणूस चांगला हिंडत-फिरत असतो. आमच्या टाकीला झाकण नव्हतं, हे मला नंतर आठवलं.

म्हणून पहिल्याच दिवशी टाकी बघ. पाण्याची शंका आली तर उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळू दे. पेटीच्या कप्प्यात थर्मामीटर आणि पॅरासिटामॉल ५०० आहे. ताप आला तर एक गोळी घे, दुसरी सहा तासांच्या आत नाही. पण जेवण नको वाटतंय, लघवी गडद आहे, असं काही असेल तर गोळीला हात न लावता आधी मला फोन कर. आणि अंगदुखीची गोळी मित्राने दिली तरी घेऊ नको. डेंग्यू असेल तर त्यातल्या काही गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही तर रक्त तपासायचं. क्लास बुडाला तर बुडू दे.

फोन रात्री दोनला आला तरी मी उचलीन. आईला नंतर सांगू, नाहीतर ती पहिल्या एसटीने येऊन उभी राहील.

डबा बुधवारी निलंग्याच्या गाडीने येईल. घेताना आधीचा रिकामा डबा कंडक्टरकडे दे, झाकणासकट. मागच्या वेळी मामाकडे तीन झाकणं राहिलीत.

— पप्पा