चॅनल उलटा केल्याने कराओके ट्रॅक का होत नाही

«भो, कराओकेला पैसे घालू नका. गाण्याचा व्हिडिओ 320 एमपी3 मध्ये कन्व्हर्ट करा, ऑडॅसिटीत एक चॅनल इन्व्हर्ट करून मोनो करा, गाणाऱ्याचा आवाज 100 टक्के गायब. ते एआय सॉफ्टवेअर पण हेच करतं, फक्त पैसे उकळतं. आणि आवाज काढला की गाणं आपलं, यूट्यूबला टाका, कॉपीराइट येत नाही. कानबाईच्या जागरणाला, हळदीला सगळ्यांना उपयोगी पडेल, पुढे पाठवा.»

पुढे पाठवला जाणारा हा मेसेज एकेक करून तपासू. 320 केबीपीएसचा मुद्दा आधी निकालात काढू. यूट्यूबवरच्या व्हिडिओत ऑडिओ साधारण 128 केबीपीएसच्या एएसीमध्ये किंवा 160 च्या आसपासच्या ओपसमध्ये असतो. जे बारकावे त्यात आधीच टाकून दिले आहेत, ते 320 ची फाइल बनवून परत येत नाहीत. उलट आवाज दुसऱ्यांदा दाबला जातो, आणि एमपी3 फाइलच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची रिकामी जागा जोडली जाते, म्हणून पुढे ट्रॅक व्हिडिओवर बसवताना तो किंचित मागे सरकू शकतो. व्हिडिओतला ऑडिओ `ffmpeg` या कमांडने थेट वेव्हमध्ये काढायचा:

```
ffmpeg -i gane.mp4 -vn -af volume=-3dB -ar 44100 -c:a pcm_s16le gane.wav
```

यातला `volume=-3dB` महत्त्वाचा आहे. आपल्याकडची डीजेवर वाजणारी अहिराणी गाणी इतकी चढवून मिक्स केलेली असतात की ऑडिओ उलगडताना लाटेची टोकं मर्यादेच्या वर जातात आणि कापली जातात. तीन डेसिबल जागा सोडली की ती कापली जात नाहीत.

आता चॅनल उलटा करण्याची युक्ती. ती खोटी नाही, पण तिचा अर्थ चुकीचा लावला आहे. एक चॅनल उलटा करून मोनो करणं म्हणजे डाव्या चॅनलमधून उजवा वजा करणं. तसं केलं की दोन्हीकडे अगदी सारखं असलेलं सगळं शून्य होतं. मुख्य गायकाचा आवाज मिक्समध्ये बहुधा मधोमध ठेवतात, म्हणून तो जातो. पण मधोमध तो एकटा नसतो. बेस, किक आणि बहुतेक वेळा ढोलकीचा धुमही तिथेच ठेवलेला असतो. ते सगळं आवाजाबरोबर जातं, आणि उरतो तो पोकळ, ठेका नसलेला ट्रॅक. त्यावर गाणाऱ्याला सम कुठे हे कळत नाही.

शिवाय आवाज पुरता जातही नाही. गायकाच्या आवाजावर लावलेला एको आणि रिव्हर्ब दोन्ही बाजूंना थोडा वेगवेगळा पसरलेला असतो. वजाबाकीत मूळ आवाज उडतो आणि त्याची शेपटी राहते, त्यामुळे दूरच्या खोलीत कुणीतरी गातंय असं ऐकू येतं. हळदीच्या गाण्यांत एको भरपूर असतो, म्हणून तिथे हे जास्त जाणवतं. 128 च्या ऑडिओत त्यावर किरकिरणारा, पाण्यात बुडाल्यासारखा आवाज आणखी चढतो, कारण दाबताना दोन्ही चॅनलमधले बारीक फरकच आधी टाकले गेलेले असतात आणि ही युक्ती नेमकी त्या फरकांवरच जगते. जुन्या कॅसेटवरून चढवलेलं गाणं असेल तर दोन्ही चॅनल अनेकदा जवळजवळ सारखेच असतात. तिथे वजाबाकी केली की वाद्यांसकट जवळजवळ सगळंच शांत होतं. गाणं मोनो आहे का हे तपासायला मात्र ही युक्ती उत्तम आहे.

मेसेजमधलं एआय सॉफ्टवेअर करतं ते स्टेम सेपरेशन, म्हणजे गाण्यातला गळा आणि वाद्यं वेगवेगळ्या फाइलमध्ये काढणं. त्यात ही वजाबाकी होत नाही. डेमक्स हे मेटाच्या संशोधकांनी बनवलेलं मॉडेल घ्या. गाणं आणि त्याच गाण्याचे वेगवेगळे ट्रॅक असे संच देऊन ते शिकवलेलं आहे. आवाजाची लाट आणि तिचा स्पेक्ट्रम दोन्ही पाहून, या क्षणी या पट्टीतला किती भाग कंठाचा आणि किती वाद्याचा, याचा ते अंदाज बांधतं. म्हणून मधोमध असलेली ढोलकी वाचते, आणि मोनो गाण्यावरही ते चालतं. पैशांचं म्हणाल तर डेमक्स फुकट आणि खुलं आहे. कमांड टाइप करायची नसेल तर `Ultimate Vocal Remover` हे तितकंच फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात बटणं दाबून हेच मॉडेल चालवता येतं.

```
demucs -n htdemucs_ft --two-stems=vocals gane.wav
```

यातून `separated/htdemucs_ft/gane` या फोल्डरमध्ये `vocals.wav` आणि `no_vocals.wav` अशा दोन फाइल मिळतात. ग्राफिक्स कार्ड नसेल तर साधं `htdemucs` गाण्याच्या लांबीच्या दीडपटीच्या आसपास वेळ घेतं, आणि `htdemucs_ft` त्याच्या चौपट. म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याला अर्धा तास धरून चाला.

पण इथेही 100 टक्के नसतं. `no_vocals.wav` काढून थेट मंडपात लावली की आपल्या भागातल्या गाण्यांत हमखास एक बिघाड दिसतो: पावरी आणि सनई गायब होते. ही मॉडेलं ज्या गाण्यांवर शिकली त्यांत पाश्चात्त्य पॉप आणि रॉकचा भरणा आहे. त्यांत साक्री-नंदुरबारकडची पावरी कुठून असणार? फुंकून वाजणारी, सूर घासत नेणारी, कंठाच्याच पट्टीत फिरणारी वाद्यं मॉडेलला गळ्यासारखी वाटतात आणि ते त्यांना आवाजाच्या फाइलमध्ये टाकतं. बेंजोला हा त्रास कमी होतो, कारण तारेवरचा प्रत्येक ठोका स्पष्ट सुरू होतो.

त्यामुळे ट्रॅक चांगला झाला का हे बघायला आधी `vocals.wav` हेडफोनवर ऐका, कराओकेची फाइल नंतर. आवाजाच्या फाइलमध्ये जे वाद्य ऐकू येतं, तेवढंच तुमच्या ट्रॅकमधून हरवलेलं आहे. नुसता ट्रॅक ऐकून हे लक्षात येत नाही. कानाला मूळ गाणं पाठ असतं, मन रिकामी जागा भरून काढतं.

दुरुस्ती सोपी आहे, कारण पावरी बहुतेक वेळा कुणी गात नसतानाच वाजते. समजा गाण्यात 0:00 ते 0:24 पावरी आहे, मग मुखडा, 1:10 ते 1:32 पुन्हा पावरी, मग अंतरा. ऑडॅसिटीत `no_vocals.wav` आणि `vocals.wav` दोन्ही एकाच प्रोजेक्टमध्ये, एकाखाली एक आणा. दोन्हींची लांबी सारखीच असते, त्यामुळे जुळवाजुळव करावी लागत नाही. खालच्या ट्रॅकवर फक्त गाण्याचे तुकडे निवडा, म्हणजे 0:24 ते 1:10 आणि 1:32 पासून पुढे जिथे जिथे शब्द आहेत तिथे, आणि `Ctrl+L` दाबून त्यांना मूक करा. डिलीटचं बटण दाबू नका. डिलीट केलं की पुढचा सगळा ऑडिओ मागे सरकतो आणि दुसरी पावरी भलत्याच ठिकाणी वाजते. उरलेल्या पावरीच्या दोन्ही टोकांना वीसेक मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर जोडावर टक् असा आवाज येतो. मग दोन्ही ट्रॅक एकत्र `track.wav` या नावाने वेव्हमध्ये एक्सपोर्ट करा. जिथे कुणी गात नाही तिथे आता जवळजवळ मूळ गाणंच परत आलेलं असतं. आधी सोडलेली तीन डेसिबल शेवटी एकदाच, या एकत्र झालेल्या फाइलवर, -1 डेसिबलपर्यंत नॉर्मलाइज करून भरून घ्या.

ओळीच्या शेवटी आवाज लांबत असताना पावरी सुरू होत असेल तर गायकाचा शेवटचा श्वास संपल्यावरच कापा. पावरीचा पहिला सूर अर्धा गेला तरी चालेल, पण गायकाचं अर्धं अक्षर स्पीकरवर फार वाईट ऐकू येतं. आणि पावरी गायनाच्या खालून सतत चालत असेल तर ही युक्ती लागू पडत नाही. तिथे दुसऱ्या मॉडेलवर तेच गाणं चालवून ते कडवं जिथे बरं निघेल तिथून घ्यावं, किंवा सरळ पावरीवाल्याला ट्रॅकवर प्रत्यक्ष वाजवायला बसवावं.

दुसरी अडचण कोरसची. कानबाईच्या गाण्यांत एक बाई ओळ म्हणते आणि बाकीच्या ती झेलतात. साधं मॉडेल सगळेच कंठ काढतं, आणि मग स्टेजवरच्या एकट्या गायिकेला झेलणारं कुणी उरत नाही. फक्त मुख्य आवाज काढून कोरस ठेवणारी मॉडेलं `Ultimate Vocal Remover` मध्ये आहेत, उदाहरणार्थ `UVR_MDXNET_KARA_2`. मुख्य आवाज मधोमध आणि कोरस दोन्ही बाजूंना पसरलेला असेल तर ती चांगली चालतात. मोनो रेकॉर्डिंगमध्ये, किंवा दोन गायिका बरोबरीने गात असतील तर गोंधळतात. जागरणात बाया हजर असतीलच, तर कोरस काढलेला ट्रॅकच बरा.

तयार ट्रॅक व्हिडिओवर बसवताना चित्र पुन्हा एन्कोड करायची गरज नसते:

```
ffmpeg -i gane.mp4 -i track.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac -b:a 192k karaoke.mp4
```

राहिला कॉपीराइट. भारतीय कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. गळा काढला तरी चाल तीच राहते, आणि वाजणारी वाद्यं त्याच मुद्रणातली असतात. यूट्यूबची ओळखणारी यंत्रणा नुसत्या वाद्यमेळावरूनही गाणं पकडते. 1957 च्या कायद्याच्या कलम 52(1)(za) मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं सादर करायला सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ त्यात धरलेले आहेत. ती सूट सादरीकरणापुरती आहे, तोच ट्रॅक आपल्या चॅनलवर चढवायला ती पुरत नाही. चढवायचाच असेल तर ज्या चॅनलवर गाणं आहे त्यांना विचारा. अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओखाली बऱ्याचदा निर्मात्याचा नाहीतर स्टुडिओचा संपर्क दिलेला असतो. गाणं मिक्स करणाऱ्याकडे गळा बंद केलेला ट्रॅक सेशनमधून काही मिनिटांत निघतो, आणि त्यात पावरीचा पहिला सूरही जागेवर असतो.