लाजाळू असेल तर लाजली का?

आज सकाळी आमच्या गटात एकाने लिहिलं, "आता झाडं ओळखायला कुणाला विचारायची गरजच उरली नाही, मोबाईल धरला की झालं." खाली पंधरा जणांनी अंगठे दिले. मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात एकटाच फिरत होतो. उन्हं कलली होती. रस्त्याच्या कडेला वीतभर उंचीचं एक रोप दिसलं. बारीक काड्या आणि प्रत्येक काडीच्या दोन्ही बाजूंना ओळीने इवलीशी पानं, काही अर्धवट मिटलेली. उभ्यानेच वरून फोटो काढला. ॲपने क्षणात सांगितलं: लाजाळू, ८७ टक्के खात्री. मी खूश. खाली 'बरोबर आहे' असं बटण होतं, तेही दाबलं.

डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक मावशी मागून येत होत्या. "काय बघतोयस रे?" म्हणाल्या. मी सांगितलं, लाजाळू. त्या थांबल्या. "लाजाळू? मग हात लावल्यावर लाजली का?"

मी हात लावलाच नव्हता. लावला. पानं ढिम्म.

त्यांनी भारा उतरवला, खाली बसल्या आणि एक काडी अलगद उलटी केली. काडीच्या खालच्या बाजूला, प्रत्येक पानाच्या बुडाशी, मोहरीपेक्षा थोडी मोठी हिरवी फळं रांगेने लटकत होती. "ही भुईआवळी. वरून बघून कशी कळेल? हिचं सगळं खालीच असतं." पानं मिटलेली का, तर संध्याकाळ झाली की ती आपली आपण हळूहळू मिटतात, आणि लाजाळू बोट लागताच मिटते. शिवाय लाजाळूला काटे असतात, हिला एकही नाही.

तुम्ही सगळे जाणते आहात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको, पण त्या उलट्या काडीत केवढं वनस्पतिशास्त्र आहे बघा! लाजाळूच्या ज्या बारीक पानांना आपण पानं म्हणतो, त्या खरं तर एकाच संयुक्त पानाच्या पर्णिका. पर्णिकेच्या बुडाशी कळी किंवा फळ कधीच येत नाही, ते येतं खऱ्या पानाच्या बगलेत. भुईआवळीची काडी दिसते संयुक्त पानासारखी, पण असते फांदी, आणि तिच्यावरचं प्रत्येक इवलं पान हे पूर्ण पान. म्हणून फळं तिथे. मावशींनी यातला एकही शब्द वापरला नाही. काडी उलटी केली, बस्स.

आणि ते ८७ टक्के! त्याचा अर्थ "हे ८७ टक्के लाजाळूच आहे" असा होत नाही हो. ॲपला शिकवताना दाखवलेल्या फोटोंपैकी हा फोटो कशाच्या जवळ जातो, एवढंच तो आकडा सांगतो. ॲपला स्पर्श नाही, वास नाही, चीक नाही. फोटोत जे आलं नाही ते त्याच्यासाठी जगातच नाही. नाव चुकलं तर काय बिघडतं, असं कुणीतरी विचारेलच. अहो, नावावर विसंबून माणसं पाला तोंडात घालतात!

बरं, एक कबूल करतो. त्याच उलट्या काडीचा जवळून फोटो काढला, तेव्हा त्याच ॲपने पहिलंच नाव भुईआवळीच्या वंशाचं दिलं. म्हणजे चूक निम्मी माझी. आणि गावातली नावंही कधी कधी दोन-तीन झाडांना एकच असतात, तेही मान्य.

पण मावशींकडे त्याचंही उत्तर होतं. "हिच्यासारखी अजून एक असते," त्या म्हणाल्या. "तिचं फळ खरबरीत, काडीला चिकटलेलं. हिचं गुळगुळीत, बारीक देठावर." त्यांनी एक फळ माझ्या बोटावर ठेवलं. देठ केसाएवढा होता. माझ्या फोटोत तो कुठेही नव्हता.

लिहिता लिहिता राग जरा निवळला. गटातल्या त्या मित्रावर चिडून काय उपयोग, त्या संध्याकाळी मीही उभ्यानेच फोटो काढून पुढे निघालो असतो.

ते बटण मात्र मनात सलत राहिलं. माझं 'बरोबर आहे' म्हणजे चुकीच्या नावाला मिळालेली एका माणसाची साक्ष. असे शिक्के बसलेले फोटो त्या ॲपला पुन्हा शिकवायला वापरले गेले तर? रात्री मुक्कामी पोचल्यावर आधी तो शिक्का काढला. मग खालच्या बाजूचा फोटो चढवला आणि शेऱ्यात लिहिलं: स्पर्शाने पानं मिटली नाहीत, काटे नाहीत, फळं पानांच्या बगलेत, गुळगुळीत, देठासह. 'ओळख कुणी पटवली' या रकान्यात मावशींचं नाव लिहायचं होतं. ते मी विचारलंच नव्हतं.