सिग्नल तोडणाऱ्यांचा अराजकवाद

"अराजकवादी म्हणजे सिग्नल तोडणारे आणि दगडफेक करणारे. एवढ्या शिस्तीच्या देशात राहून तुला यांचा पुळका कुठून आला?" - घरच्या ग्रुपवर दादा.

दादा, ही मंडळी मुळात घड्याळं बनवणारी होती. इथे स्वित्झर्लंडमध्ये बीलहून आमची गाडी अर्ध्या तासात सँतिमिए या घड्याळवाल्यांच्या गावाला पोचते. तिथे सप्टेंबर १८७२ मध्ये युरोपातल्या अराजकवाद्यांची परिषद भरली. त्याच महिन्यात हेगला मार्क्सच्या गटाने रशियन क्रांतिकारक बाकुनिन आणि या घड्याळवाल्यांचा पुढारी जेम्स गिय्योम यांना आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतून काढलं होतं.

या खोऱ्यात घड्याळाचा एकेक भाग वेगवेगळा माणूस घरच्या खिडकीपाशी किंवा छोट्या कारखान्यात टेबलाशी बसून करायचा. मजुरी नगावर. डोक्यावर मुकादम नाही, त्यामुळे हात चालू असताना तोंडही चालायचं, आणि तेही राजकारणावर. रशियन विचारवंत क्रपोत्किन १८७२ मध्ये इथे राहून गेला आणि अराजकवादी होऊनच परतला. तासन् तास भिंगातून पाहणाऱ्या या लोकांना तू बेशिस्त म्हणतोस. पुण्यात सिग्नल कोण तोडतं, हे मी ग्रुपवर लिहीत नाही.

त्यांचं भांडण नियमांशी नव्हतंच. शेजारच्या सॉनव्हिलिएहून त्यांनी नोव्हेंबर १८७१ मध्ये एक पत्रक काढलं होतं. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लंडनमधल्या कार्यकारी मंडळाचं काम पत्रव्यवहाराचं, ते हुकूम कशाला सोडतंय, अशी तक्रार. त्यामागचा मुद्दा असा, की जी संघटना आतून हुकूमशाहीने चालते तिच्यातून समतेचा समाज निघेलच कसा? म्हणून त्यांच्या प्रतिनिधीला त्याचा गट काय बोलायचं ते सांगून पाठवी, आणि तो भलतंच बोलला तर परत बोलावी. सँतिमिएच्या ठरावात तर बहुमताने अल्पमतावर काही लादायचं नाही, असंच होतं.

बाकुनिनची शंका याच वाटेने पुढे जाते. खुर्चीवर चांगला माणूस बसवून भागत नाही. राज्य ही रचनाच अशी, की कामगार राज्य करायला बसला की तो कामगार राहत नाही, उरलेल्यांकडे वरून पाहू लागतो. हे त्याने १८७३ मध्ये लिहिलं. पुढे रशियात काय झालं, हे दादाला मी सांगायला नको. जाणकाराचा सल्ला बाकुनिनला मान्य होता. जोड्यांबाबत तो चांभाराचंच ऐकणार होता. फक्त सल्ल्याचा हुकूम व्हायला नको.

शेजाऱ्याला हे सांगितलं, तर तो कुत्र्यावरच्या करावर घसरला. पालिका फुकट पैसे खाते, म्हणजे आपणही अराजकवादीच, असं त्याने ठरवून टाकलं.

मग ही घड्याळवाल्यांची चळवळ गेली कुठे, याचं खरं उत्तर दिलं ते सँतिमिएच्या निवृत्त कोरीवकाम करणाऱ्या बाईंनी. "टेबल गेलं, तशी संघटनाही गेली," त्या म्हणाल्या. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात अमेरिकन यंत्रांवरची घड्याळं पाहून स्विस व्यापारी हादरले. खोऱ्यात मंदी आली, काम हळूहळू मोठ्या कारखान्यांत गेलं, मुकादम आला. १८७८ मध्ये गिय्योम पॅरिसला निघून गेला. दादाचा दगडफेकीचा मुद्दाही अगदीच हवेतला नाही. १८९८ मध्ये जिनिव्हाला लुकेनीने ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीला भोसकलं, तो स्वतःला अराजकवादीच म्हणवायचा. पण सगळा विचार त्याच्याच नावावर खपवायचा असेल, तर राज्यांनी केलेली युद्धंही मोजू.

एक गोष्ट मात्र दादा कधी विचारत नाही. इथे वर्षातून तीन-चारदा शेजाऱ्यांच्या पेटीत मतदानाचं जाड पाकीट पडतं, माझ्या पेटीत कराचं पत्रक. पुण्यात मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढायचं. दोन्हीकडे राज्याला मी सापडतो, राज्य मला सापडत नाही. म्हणून हे घड्याळवाले मला जवळचे वाटतात का? असेलही. पण गाडी दोन मिनिटं उशिरा आली की सगळ्यात आधी कुरकुरणाराही मीच.

मग गडचिरोलीची मावसबहीण मध्ये पडली. "स्वित्झर्लंड कशाला, आमच्याकडचं मेंढा-लेखा गाव बघ की. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, बहुमताने नाही." मला हे आवडलं, लगेच मी ते दादावर फेकलं. तिने तिथेच मला अडवलं: घोषणेचा पहिला अर्धा भाग तू गाळतोयस. गावाला जंगलाचा हक्क मिळाला तो २००६ च्या कायद्याने, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात द्यायला केंद्रीय मंत्री यावा लागला.

मी लिहिलं, की ते जंगल गावाकडून आधी घेतलं कोणी? तिचं उत्तर आलं, "घेतलं राज्यानेच. पण उद्या बांबूचा ठेकेदार माणसं घेऊन आला, तर तुझे घड्याळवाले कोणाला फोन करतील?" क्रपोत्किन म्हणेल, शेजारच्या गावांना. ती म्हणते, शेजारच्या गावांचा ठेकेदार तोच आहे.