डावे मूल लहान, उजवे मोठे: एवढ्याने सर्च ट्री होत नाही

«बायनरी सर्च ट्री म्हणजे प्रत्येक नोडचं डावं मूल त्याच्यापेक्षा लहान आणि उजवं मोठं. म्हणून इनऑर्डर फिरलं की कीज आपोआप चढत्या क्रमाने मिळतात. आणि क्रम लागलेलाच असतो म्हणून सर्चही बरोबर चालतो. यात सिद्ध करण्यासारखं काही नाही.»

पहिल्याच वाक्यातली व्याख्या चुकीची आहे आणि पुढची दोन्ही वाक्ये तिच्यावरच उभी आहेत. हा ट्री पाहा:

```
     20
    /  \
  10    30
    \
     25
```

10 हे 20 पेक्षा लहान आहे, 30 हे 20 पेक्षा मोठे आहे आणि 25 हे 10 पेक्षा मोठे आहे. मुलांपुरती अट सगळीकडे पाळली गेली आहे, तरीही इनऑर्डरमध्ये 10, 25, 20, 30 असा क्रम मिळतो. खरी अट मुलांविषयी नसून संपूर्ण सबट्रींविषयी असते: कोणताही नोड घेतला, तरी त्याच्या डाव्या सबट्रीतली प्रत्येक की त्याच्या कीपेक्षा लहान आणि उजव्या सबट्रीतली प्रत्येक की मोठी असली पाहिजे. (एकच की दोनदा येत नाही, असे येथे धरले आहे.) वरच्या ट्रीत 25 हे 20 च्या डाव्या सबट्रीत बसले आहे, आणि दोष तेवढाच आहे.

दुसऱ्या वाक्यातला «आपोआप» हा शब्द ज्या कामावर पांघरूण घालतो, ते काम गणिती विगमनाने, म्हणजे इंडक्शनने, करावे लागते. विधान असे मांडू: n नोड असलेल्या कोणत्याही सर्च ट्रीच्या इनऑर्डरमध्ये त्याच ट्रीच्या सगळ्या कीज, प्रत्येकी एकदाच आणि चढत्या क्रमाने येतात. n = 0 असताना यादी रिकामी असते आणि विधान खरे ठरते. आता n पेक्षा कमी नोडांच्या सर्व सर्च ट्रींसाठी ते खरे मानू. केवळ n − 1 साठी मानून भागत नाही, कारण डाव्या सबट्रीत 0 पासून n − 1 पर्यंत कितीही नोड असू शकतात. मुळाची की k असेल आणि डाव्या-उजव्या सबट्रींच्या इनऑर्डर याद्या A आणि B असतील, तर पूर्ण यादी A, k, B अशी होते. दोन्ही सबट्री स्वतः सर्च ट्रीच असल्यामुळे A आणि B गृहीतकानुसार चढत्या आहेत. पाहायचे उरतात ते फक्त दोन सांधे. A मध्ये डाव्या सबट्रीच्याच कीज आहेत, म्हणून A मधले सगळे k पेक्षा लहान. त्याच कारणाने B मधले सगळे k पेक्षा मोठे. विधानात नुसते «चढत्या क्रमाने» न म्हणता «त्याच ट्रीच्या सगळ्या कीज» असेही म्हटले, ते या सांध्यांसाठीच. पुष्कळ वह्यांत नेमका हाच भाग गाळलेला असतो. वरच्या ट्रीत A म्हणजे 10, 25 आणि k म्हणजे 20, तेव्हा सिद्धता पहिल्याच सांध्याला अडते.

तिसरे वाक्य कारणच चुकीचे सांगते, कारण सर्च इनऑर्डरची यादी पाहतच नाही.

```
def search(t, x):
    while t is not None and t.key != x:
        t = t.left if x < t.key else t.right
    return t
```

येथे सिद्ध करायचे ते हे, की प्रत्येक फेरीत आपण जो भाग सोडून देतो त्यात x असूच शकत नाही. लूप चालू असताना टिकणारे विधान असे: x मूळ ट्रीत असेल, तर तो t च्या सबट्रीत आहे. सुरुवातीला t हेच मूळ असल्यामुळे ते खरे असते. x < t.key असेल, तर उजवीकडची प्रत्येक की t.key पेक्षा, म्हणून x पेक्षाही, मोठी आहे. म्हणून x तिथे नाही, आणि असलाच तर डावीकडे आहे. दुसरी बाजूही अशीच. प्रत्येक फेरीत सबट्री लहान होते, म्हणून लूप थांबतो. तो t रिकामा होऊन थांबला, तर x मूळ ट्रीतही नाही.

यातून एक गोष्ट लक्षात येते: «सापडले» हे उत्तर बिघडलेल्या ट्रीतही खरेच असते, अटीची गरज फक्त «नाही» या उत्तराला लागते. म्हणूनच हा बिघाड सहजी दिसत नाही. वरच्या ट्रीत 10, 20 आणि 30 व्यवस्थित सापडतात. 25 शोधताना मात्र सर्च 20 वरून उजवीकडे 30 कडे जातो, तिथून डावीकडे रिकाम्या जागी पोहोचतो आणि «नाही» म्हणतो. त्यावर विसंबून 25 पुन्हा घातले, तर ते 30 च्या डावीकडे बसते आणि ट्रीत 25 दोनदा होतात.

ट्री तपासताना नोडची तुलना त्याच्या मुलांशी करणारा कोड या ट्रीला बिनदिक्कत पास करतो. त्याऐवजी इनऑर्डर फिरताना आधीची की लक्षात ठेवावी आणि नवी की तिच्यापेक्षा मोठी आहे का ते पाहावे. 25 नंतर 20 आले की दोष पकडला जातो. ही तपासणी पुरेशी आहे, कारण उलट दिशाही खरी आहे: कोणत्याही नोडच्या डाव्या सबट्रीतल्या कीज यादीत त्याच्या आधी आणि उजव्या सबट्रीतल्या नंतर येतात, त्यामुळे यादी काटेकोरपणे चढती असेल, तर सबट्रींची अट पाळली गेलेलीच असते.